जुन्या घराचे कागद आणि तीन बहिणी

गेल्या वर्षी आमच्या भाच्याने तालुक्याच्या गावी पेठेत एक जुने घर पसंत केले. खाली दोन खण, वर माडी, मागे विहीर आणि परसात लिंबाचे झाड. मालक दोघे सख्खे भाऊ. किंमत ठरली 42 लाख. बँकेच्या वकिलांनी 30 वर्षांचा शोध घेऊन अहवालही दिला होता. त्यात लिहिले होते की मिळकत निर्वेध असून सध्याच्या मालकांना ती विकण्याचा पूर्ण अधिकार आहे. भाचा ती फाईल घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, ''मामू, फक्त एकदा नजर टाका. पुढच्या जुम्याच्या आधी खरेदीखत करायचे आहे.''

आमची उमेद दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिण्यात गेली, म्हणून घरातले असे कागद शेवटी आमच्याच चष्म्याखाली येतात. वाचकही अधूनमधून विचारतात की जुने घर घेताना नेमके काय बघायचे. या घराची फाईल आम्ही कशी वाचली ते या वेळी सांगतो.

फाईलमध्ये सर्वांत वर होती मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नगर भूमापन झालेल्या गावात प्रत्येक घराला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या पत्रिकेवर धारकांची नावे तारीखवार चढत-उतरत जातात. लोक फक्त शेवटचे नाव पाहतात. आम्ही पत्रिका खालून वर वाचतो. आजच्या मालकापासून सुरू करायचे, त्याचे नाव कशाच्या आधारे लागले ते पाहायचे, मग त्याच्या आधीच्याचे. प्रत्येक नावाखाली एक कागद असला पाहिजे. जिथे नाव आहे पण कागद नाही, तिथे साखळीची कडी तुटलेली आहे.

या पत्रिकेवर शेवटची नावे त्या दोघा भावांची. त्यांच्या वर, 2009 साली आईचे नाव मयत म्हणून कमी केलेले. त्याच्या वर 2001 ची वारस नोंद: वडील 1998 साली वारले, त्यांच्या जागी पत्नी आणि दोन मुलगे. त्याच्याही वर 1974 च्या खरेदीखताने वडिलांचे नाव लागलेले. आणि सर्वांत वर, भूमापन झाले त्या वेळचा मूळ धारक.

आता बँकेचा शोध अहवाल काय सांगत होता ते बघा. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक 2 मध्ये उतरतो. कोणीही फी भरून ती सूची पाहू शकतो. संगणकीकरणानंतरच्या नोंदी पडद्यावर मिळतात, त्याआधीच्या नोंदींसाठी कचेरीत जाऊन जाडजूड वह्या चाळाव्या लागतात. वकिलांनी 30 वर्षांच्या सूची पाहिल्या. त्यांना एकच व्यवहार सापडला. वडिलांनी 1995 साली एका पतसंस्थेकडे घर गहाण ठेवले होते आणि 1997 मध्ये फेड करून ते नोंदणीने सोडवून घेतले होते. बाकी कोरे. म्हणून 'निर्वेध'.

अहवाल खोटा नव्हता. पण माणूस मेला तर त्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही. खरेदी नोंदवावी लागते, गहाण नोंदवावे लागते, हक्कसोड नोंदवावी लागते. वारसा मात्र मरणाच्या क्षणी आपोआप उतरतो, त्याला दस्त लागत नाही. म्हणून ज्या घरात गेल्या 30 वर्षांत दोन-तीन मौती झाल्या पण विक्री झाली नाही, त्या घराचा शोध कोराच निघणार. त्या कोऱ्या जागेत कोण कोण बसले आहे, हे घरातल्या माणसांना विचारूनच कळते.

आणखी एक गोष्ट खटकली. शोध फक्त नगर भूमापन क्रमांकावर घेतला होता. जुन्या दस्तांत तो क्रमांक बहुधा नसतोच. तिथे नगरपालिकेचा घर नंबर असतो, पेठेचे नाव असते आणि चतुःसीमा असतात: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ. म्हणून आम्ही भाच्याला भूमिअभिलेख कार्यालयात पाठवून त्या क्रमांकाच्या चौकशी नोंदवहीचा उतारा मागवला. पहिले भूमापन झाले तेव्हा कोणी कोणत्या आधारावर हक्क सांगितला ते या नोंदवहीत लिहिलेले असते, आणि जुना घर नंबर नव्या क्रमांकाशी जोडण्याचा तोच खात्रीचा दुवा असतो. त्यावरून घर नंबर मिळाला. घर नंबर आणि माणसांची नावे घेऊन पुन्हा वह्या पाहिल्या आणि 1974 आणि 1951 अशी दोन खरेदीखते हाती आली. दोन्हींच्या प्रमाणित नकला काढल्या. 1951 च्या दस्ताच्या चतुःसीमा जागेवर जाऊन ताडल्या. तीन बाजू जुळल्या. दक्षिणेचे घर पुढे दोन भावांत वाटले गेले होते, एवढाच फरक.

1974 चे खरेदीखत वाचताना मात्र आमचा चष्मा खाली आला. लिहून देणार होती एक विधवा बाई, 'स्वतःकरिता आणि अज्ञान मुलगे दोन यांची अ.पा.क. आई' म्हणून. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ती. मुलांची वये लिहिलेली होती, 11 आणि 4. कुटुंब मुसलमान.

आपल्यातल्या फार जुन्या घरांच्या साखळीत हे दुखणे असते. मुस्लिम कायद्यात लहान मुलाच्या मिळकतीचा पालक बाप असतो, त्याच्यामागे बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग आजोबा म्हणजे बापाचा बाप. यांपैकी कोणी नसेल तर न्यायालय पालक नेमते. आई मुलांना वाढवते, पण त्यांचे घर विकण्याचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1918 सालीच इमामबंदी खटल्यात सांगितले की असा अधिकार नसलेल्या आईने मुलांच्या हिश्शाची केलेली विक्री मुलांना बांधत नाही. म्हणजे 1974 ला त्या बाईने आपला आठवा हिस्सा विकला होता. उरलेले सात हिस्से तिच्या मुलांचेच राहिले.

भाच्याचा चेहरा उतरला. ''म्हणजे सौदा मोडायचा?''

आम्ही त्याला बोटांवर हिशेब करून दाखवला. खरेदीदाराने त्याच वर्षी संपूर्ण घराचा ताबा घेतला, तोही मालक म्हणून. अशा परक्या माणसाकडून ताबा परत मागायचा तर मुदत 12 वर्षांची, म्हणजे 1986 पर्यंत. मालक अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर आणखी तीन वर्षे मिळतात. धाकटा 1974 ला 4 वर्षांचा, 18 चा झाला 1988 ला, त्यात तीन मिळवली की 1991. त्या काळात कोणी दावा केला नाही. मुदत संपली की नुसता दावाच बुडतो असे नाही, मिळकतीवरचा हक्कही विझतो. मात्र त्यासाठी ताबा सलग आणि उघड होता हे दाखवता आले पाहिजे. म्हणून नगरपालिकेतून कर आकारणी नोंदवहीचे जुने उतारे काढायला लावले. 1975 पासून दरसाल त्या वडिलांचेच नाव, भोगवटाही त्यांचाच. भावांकडे घरपट्टीच्या पावत्यांचा एक गठ्ठाही होता, दोरीने बांधलेला, थोडा वाळवीने खाल्लेला. वकिलांनी तो हिशेब तपासला आणि मान्य केला. एवढा मोठा दोष काळाने भरून काढला होता.

भाचा खूश झाला. आम्ही 2001 च्या वारस नोंदीवर बोट ठेवले आणि विचारले, ''या वडिलांना मुली किती?''

त्याला माहीत नव्हते. बँकेच्या वकिलांनीही विचारलेले नव्हते. आम्ही दोघे संध्याकाळी त्या घरी गेलो. चहा आला. आम्ही थोरल्या भावाला सहज विचारले, ''भाईजान, बहिणी कुठे दिल्या?'' ते म्हणाले, ''दोघी मुंबईला असतात. मधली मरहूम झाली, 2016 ला. तिचे घरवाले सोलापूरला.''

तीन बहिणी. पत्रिकेवर एकही नाही.

भावांना लपवायचे होते असे आम्हांला वाटले नाही. त्यांनी लगेच आतून एक कागद आणला. वीस रुपयांच्या स्टॅम्पवर तिघी बहिणींनी सह्या करून लिहून दिले होते की वडिलांच्या घरात आम्हांला हिस्सा नको. याच कागदावर 2001 ची नोंद झाली होती. आम्ही तारीख पाहिली: 1996. वडील वारले 1998 ला. बापाच्या हयातीत मुलीचा त्याच्या घरात हिस्साच नसतो, फक्त पुढे मिळण्याची आशा असते, आणि मुस्लिम कायद्यात नुसती आशा सोडून देता येत नाही. ते लिहिणे फुकट. बहिणीने त्या बदल्यात रक्कम घेतली असेल तर न्यायालय तिला तिच्या शब्दाला बांधू शकते, म्हणून आम्ही तेही विचारले. रक्कम दिली नव्हती. शिवाय बाप गेल्यानंतर जरी सोडायचे असते, तरी घरातला हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. वीस रुपयांच्या साध्या कागदाने ते होत नाही.

मग धाकटे भाऊ म्हणाले, अब्बांनी 1994 लाच आम्हा दोघांना घर तोंडी हिबा केले होते. हा बचाव हलका समजू नये. तोंडी हिबा चालतो. सर्वोच्च न्यायालयाने हफीजा बीबी खटल्यात 2011 साली सांगितले की हिबा नंतर कागदावर उतरवला तरी त्याची नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. पण तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे. बाप-लेक एकाच घरात राहत असतील तर बापाने बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही, तरी आता घर आपले उरले नाही असे दाखवणारे काहीतरी त्याच्या हातून झालेले असावे लागते. इथे उलटेच होते. घरपट्टी 1998 पर्यंत वडिलांच्याच नावावर. आणि 1995 ला त्यांनी हेच घर आपले म्हणून गहाण ठेवले होते. दिलेले घर कोणी गहाण ठेवते का? आम्ही गहाणखताची नकल समोर ठेवली. धाकट्याने ती वाचली, घडी केली आणि परत दिली. पुन्हा हिब्याचा विषय निघाला नाही.

घरी परतताना भाच्याने नेमका प्रश्न विचारला. 1974 चा दोष 12 वर्षांनी मिटला, तर 1998 पासून आता पंचवीस वर्षे होऊन गेली, मग बहिणींचा हक्क का नाही मिटला?

कारण भाऊ परके नव्हते. बाप मेला त्या क्षणी सगळे वारस आपापल्या हिश्शाचे मालक झाले. एका वारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बहीण ईदला माहेरी येते, चार दिवस राहते, तिला कोणी म्हणत नाही की हे घर तुझे नाही. तसे उघडपणे म्हटले आणि तिला कळले, तिथून 12 वर्षे मोजायची. पत्रिकेवर भावांची नावे लागली म्हणजे मालकी मिळाली असेही नाही. ती नोंद महसुली कामासाठी असते, हक्क त्यातून जन्मत नाही. म्हणून वरून स्वच्छ दिसणारी 2001 ची नोंद 1974 च्या खरेदीखतापेक्षा जास्त धोक्याची होती. भाच्याने दोघा भावांच्या सहीने घर घेतले असते, तर खरी 12 वर्षे तो राहायला गेल्यावर सुरू झाली असती, आणि तेवढा काळ कोणत्याही दिवशी वाटपाच्या दाव्याची नोटीस दारात आली असती.

किती हिस्सा, तेही पाहू. वडील वारले तेव्हा त्यांचे आई-वडील हयात नव्हते. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्या सातांत मुलग्याला दोन, मुलीला एक: दोन भावांचे चार, तीन बहिणींचे तीन. पुढे 2009 ला आई वारली आणि तिचा हिस्सा त्याच प्रमाणात मुलांत उतरला. आता घराचे सात भाग: प्रत्येक भाऊ दोन, प्रत्येक बहीण एक. म्हणजे 42 लाखांत भावांचे 12-12 लाख आणि बहिणींचे 6-6. मरहूम बहिणीच्या 6 लाखांत नवऱ्याचा चौथा हिस्सा, दीड लाख. बाकी साडेचारांत मुलाचे तीन, मुलीचा दीड. भाचा 42 लाख देणार होता आणि दोघा भावांना विकता येणारे घर होते 24 लाखांचे.

आम्ही भावांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''आपांना फोन तुम्हीच करा. आमच्याने होणार नाही.'' फोन आमच्या घरातून झाला. त्या मोठ्या आपा म्हणाल्या, ''त्या वेळी अब्बा आजारी होते, त्यांनी सांगितले सही कर, मी केली. नंतर कोणी विचारलेच नाही.'' त्यांनी घर विकायला हरकत घेतली नाही. भावांवर रागही काढला नाही. एवढेच विचारले की लिंबाचे झाड ठेवणार की तोडणार.

सगळे कबूल झाले आणि शेवटी मरहूम बहिणीच्या मुलीपाशी गाडी अडली. तिचे वय 17 वर्षे 5 महिने. एजंट म्हणाला, बाप आहे ना, तो अ.पा.क. म्हणून सही करील. बाप हा मिळकतीचा कायदेशीर पालक असतो हे खरे. पण मुलीचे घर विकण्याची त्याची सत्ताही मोकळी नाही. तिच्या निर्वाहाची निकड किंवा तिचा उघड फायदा अशी ठरावीक कारणे लागतात, आणि ती उद्या सिद्ध करण्याचे ओझे खरेदीदारावर येते. रस्ते दोन होते. जिल्हा न्यायालयाची परवानगी काढायची, किंवा सात महिने थांबायचे. आम्ही भाच्याला 1974 चे खरेदीखत पुन्हा उघडून दाखवले आणि म्हटले, ''असाच कागद तुला पुढच्या पिढीसाठी करून ठेवायचा आहे का?'' तो थांबायला तयार झाला. भाऊ नाराज झाले, एजंट जास्त. मधल्या काळासाठी बाकी सहाही जणांच्या सह्यांचे साठेखत नोंदवून घेतले, त्यात मुलगी सज्ञान झाल्यावर एक महिन्यात खरेदीखत करायचे असे लिहिले, आणि विसाराची रक्कम सहा वेगवेगळ्या धनादेशांनी दिली. रोख कोणालाच नाही. बहिणीचा पैसा भावाच्या खात्यात गेला की पुन्हा तोच घोळ.

त्या महिन्यांत दोन किरकोळ कामे उरकली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. ती द्यावी, पण सोलापूरची मुलगी तालुक्याच्या वर्तमानपत्रातली नोटीस वाचत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. आणि 1951 च्या दस्तात 'पीराच्या उरुसास सालाबाद तेल-फूल' असा उल्लेख दिसला, म्हणून वक्फ मंडळाकडे चौकशी केली. घर वक्फ असेल तर ते विकताच येत नाही. इथे मिळकत वक्फ म्हणून नोंदलेली नव्हती. जुन्या मालकाने स्वतःच्या खुशीने घेतलेली ती जबाबदारी होती, तीही पुढच्या दस्तात आलेली नाही.

खरेदीखत झाले तेव्हा लिहून देणारे सात होते. दुय्यम निबंधकापुढे एकेकाचा अंगठा आणि फोटो होईपर्यंत दुपार झाली. मुलीने आपले नाव लिहिताना दोनदा विचारले की पूर्ण नाव लिहायचे की सही करायची. तिच्या बापाने आधार कार्ड पुढे केले, कारकुनाने जन्मतारीख पाहिली, अठरा पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते.

आपांनी भाच्याकडे एक गोष्ट मागितली, ती त्याने तिथेच कबूल केली. लिंबू लागले की दरसाल एक पिशवी मुंबईला जाते.